फोन कुणाच्या हातात? ज्येष्ठांच्या स्मार्टफोन वर्गाच्या टॅगलाइनचं एक प्रकरण

वर्ग साधा होता. साठी-सत्तरीच्या पुढच्या लोकांना स्मार्टफोन शिकवायचा. एका तुकडीत आठ जण, आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, एकूण दोन महिने. प्रत्येकाने स्वतःचाच फोन आणायचा, कारण वर्गातल्या फोनवर शिकलेलं घरच्या फोनवर सापडत नाही. एक शिक्षिका आणि दोन मदतनीस. शिकायला येणार आई-बाबा. पण चौकशी करणारी, फी भरणारी आणि पहिल्या दिवशी सोडायला येणारी त्यांची मुलं, मुली, सुना, जावई. त्यामुळे जाहिरात मुलांना उद्देशून केलेली होती आणि वर्गाच्या नावाखाली ओळ होती: ‘आई-बाबांना बनवा स्मार्ट!’

संस्थेची तक्रार नेहमीचीच. चौकशा येतात, नावनोंदणी होत नाही, तेव्हा जरा आकर्षक ओळ द्या. आता चौकशा येत असतील तर ओळ लोकांचं लक्ष वेधते आहे, एवढं तरी उघड आहे. ‘आकर्षक’ हा शब्द ऐकला की मी आधी गळती नेमकी कुठे आहे ते बघतो. ओळ वाचून कुणी फोनच करत नसेल, तर तो एक आजार. फोन करून, सगळं विचारून घेऊन मग लोक गायब होत असतील, तर तो दुसरा. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

इथे चौकशीची वही होती आणि ती नीट ठेवलेली होती. नाव, कुणासाठी, काय विचारलं आणि शेवटच्या रकान्यात शेरा. पानामागून पान उलटलं तरी त्या रकान्यात एकच वाक्य: ‘विचारून सांगतो’, ‘विचारून सांगते’. फी जास्त वाटते, वेळ जमत नाही, वर्ग लांब पडतो, असे शेरे अगदी तुरळक. म्हणजे मुलाचं मत झालेलं होतं. ते घरी गेलं आणि घरी कुणीतरी नाही म्हटलं.

संस्थेतल्या बाईंनी त्यातल्या काही जणांना पुन्हा फोन लावले. बहुतेकांची उत्तरं अपेक्षित होती. आई म्हणते, मला काय करायचंय आता. बाबा म्हणतात, माझं काही अडत नाही. पण एका मुलीने सांगितलेली गोष्ट कामाची निघाली. तिने वर्गाची जाहिरात होती तशी वडिलांना पाठवून दिली होती. वडिलांनी फोन करून विचारलं, “म्हणजे आत्ता मी ढ आहे, असंच ना?” तिच्याकडे उत्तर नव्हतं. विषय तिथेच मिटला.

त्या एका प्रश्नात सगळं निदान होतं. मुलांसाठी लिहिलेली ओळ फक्त मुलं वाचत नाहीत. मूल ती पुढे ढकलतं, मोबाइलवर दाखवतं, जेवताना वाचून दाखवतं. शेवटी आई-बाबा वर्गाच्या दारात येतात तेव्हा तीच ओळ फलकावर मोठ्या अक्षरांत असते. म्हणजे ओळ ज्याला उद्देशून तो एक आणि ती ज्याच्या कानावर पडते तो दुसरा. पैसे देणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा अशा बहुतेक वस्तूंच्या जाहिरातीत हा पेच असतो, पण लहान मुलांच्या वस्तूंत वापरणाऱ्याला वाचता येत नसलं तर निभावून जातं. इथे वापरणारा उत्तम वाचणारा आहे, आयुष्यभर वाचत आलेला आहे आणि सध्या या एका बाबतीत थोडा हळवा आहे.

‘बनवा’ या क्रियापदाचाही दोष होता. बनवणार मुलं, बनणार आई-बाबा. शिक्षण, प्रशिक्षण विकणाऱ्या ओळींत हे प्रयोजक रूप सर्रास येतं (घडवा, बनवा, शिकवा) आणि विद्यार्थी आठ वर्षांचा असेल तर खपूनही जातं. बहात्तर वर्षांच्या माणसाला कुणीतरी आपल्याला घडवायला काढलंय हे वाचून वर्गात जावंसं वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं.

तेव्हा काम असं ठरलं: मुलाशी बोलायचं, पण ते बोलणं आई-बाबांनी ऐकलं तरी चालेल असं. आणि मुलाला ते त्यांच्यापर्यंत न्यायला संकोच वाटू नये.

तीन सोप्या वाटा आणि त्या का सोडल्या

मुलांशी या विषयावर बोलायचं म्हटलं की तीन भावना लगेच हाताशी येतात. कृतज्ञता, सुटका आणि भीती. तिन्हींवर ओळी लिहून पाहिल्या, कारण न लिहिता नाकारलेली कल्पना बैठकीत पुन्हा पुन्हा उठून उभी राहते.

कृतज्ञतेची ओळ संस्थेच्या लोकांनीच सुचवली होती आणि त्यांना ती मनापासून आवडली होती: ‘त्यांनी बोट धरून चालायला शिकवलं, आता तुमची पाळी.’ ऐकायला गोड आहे. बैठकीत दोघांचे डोळेही पाणावले. पण हिशेब करून बघा. ही ओळ मुलाला काय करायला सांगते? तू शिकव, असं. मग तो फी कशाला भरेल? ओळ खरोखर मनाला भिडली, तर तो रविवारी आईशेजारी बसून स्वतःच शिकवायला घेईल, तासाभरात दोघंही वैतागतील आणि वर्गाचा विषय मागे पडेल. ओळीचा सगळा जोर ज्या कृतीकडे जातोय, ती कृती तुमच्याकडे येण्याची नाहीच. अशा ओळीला लोक वाहवा करतात, चार जणांना पाठवतात आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून पुढे सरकतात. शिवाय त्यात आई-बाबांचं पुन्हा रांगतं बाळ होतं. वडिलांचा तो ‘ढ’चा प्रश्न इथे आणखी मोठ्याने आला असता.

सुटकेच्या ओळी सगळ्यात खऱ्या होत्या. ‘कामाच्या मधे येणारा तो फोन आता येणार नाही.’ ‘फोटो सापडत नाहीयेत? आता ते स्वतः शोधतील.’ मुलं हसली, मान डोलावली. भर बैठकीत आईचा चौथा फोन घेणाऱ्या माणसाला यात आपलंच चित्र दिसतं. पण एकाही मुलाने ही ओळ आईला पाठवली नसती. तुझ्या फोनचा मला त्रास होतो, असं त्याने स्वतः कधी म्हटलेलं नसतं. जाहिरातीकडून ते म्हणवून कसं घेईल? आणि यात एक खोटं वचनही दडलंय. दोन महिन्यांत माणूस बरंच शिकतो, पण एखादं अपडेट येतं, बटणांच्या जागा बदलतात आणि पुन्हा फोन येतोच. ‘आता येणार नाही’ असं लिहिलं की पहिल्याच अपडेटला ओळ खोटी ठरते.

भीतीची वाट मी सर्वांत जास्त वेळ तपासली, कारण तिच्यामागचं कारण खरं आहे. फसवणुकीची चिंता मुलांना सतावते आणि ती बिनबुडाची नाही. नमुना ओळ अशी होती: ‘एक चुकीचं बटण, आणि आयुष्यभराची कमाई गायब.’ ती शिक्षिकेला दाखवली, तर त्यांनी हातच जोडले. म्हणाल्या, “याच भीतीने लोक फोनला हात लावत नाहीत. पहिले दोन-तीन तास आम्ही फक्त हेच सांगत असतो की काहीही दाबा, बिघडणार नाही. बाहेर फलकावर तुम्ही असं लिहिणार, आणि आत आम्ही त्याच्या उलट बोलणार?” शिवाय ओळीत सांगितलंय तसं होत नाही. चुकून एक बटण दाबलं म्हणून सहसा खातं रिकामं होत नाही. कुणीतरी फोन करतं, घाई करतं, घाबरवतं, ओटीपी सांगायला लावतं किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप उतरवून घेतं. तो बोलण्यातला फास आहे. तो ओळखायला वर्ग शिकवू शकतो, पण यापुढे कधीच फसणार नाहीत अशी हमी देऊ शकत नाही. टॅगलाइन वर्षानुवर्षं नावाखाली राहते. एखाद्या विद्यार्थ्याची फसवणूक झाली, तर त्या दिवशी ही ओळ संस्थेला चटका देईल.

फसवणुकीचा विषय टाकून मात्र दिला नाही. तो वर्गाच्या माहितीपत्रकात गेला, कारण तिथे तीन-चार वाक्यांची जागा असते आणि नेमकं काय शिकवतो ते सांगता येतं.

वर्गात बसल्यावर

ओळ बाहेरून सुचत नसली की मी वस्तू वापरली जाते तिथे जाऊन बसतो. इथे वर्गात मागच्या खुर्चीवर बसलो.

एक आजी नातवाचा फोटो बहिणीला पाठवायचा प्रयत्न करत होत्या. फोटोवर बोट ठेवलं, जरा जोर देऊन, जसं जुन्या फोनची बटणं दाबायची तसं. फोटो उघडला नाही; त्यावर बरोबरची खूण आली आणि वरती वेगळीच पट्टी उघडली. कारण त्यांचं बोट अर्ध्या सेकंदाहून जास्त टेकून राहिलं होतं आणि फोनच्या लेखी ते टॅप नव्हतंच, लाँग प्रेस होतं. त्यांनी घाबरून बोट उचललं, मग पट्टीवरची कचरापेटी दिसली म्हणून आणखी घाबरल्या. दुसऱ्यांदा अगदी हलकंच बोट लावलं, तर काहीच झालं नाही. वयाने बोटांची टोकं कोरडी पडतात आणि हा पडदा बोटातल्या विद्युतभारावर चालतो, दाबावर नाही. कोरडं बोट हलकं टेकलं तर फोनला ते कळतही नाही. मुलांना वाटतं आईला समजत नाही. बऱ्याचदा आईला सगळं समजलेलं असतं, फोनला आईचं बोट समजत नसतं. (लाँग प्रेससाठी लागणारा वेळ अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये वाढवता येतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन तसे लावून दिले तर अर्ध्या तक्रारी कमी होतात, असं शिक्षिकेचं मत.)

पण माझं लक्ष मदतनीसाच्या हाताकडे होतं. तो तरुण मुलगा शेजारी उभा होता. आजी अडल्या तशी त्याची बोटं फोनकडे निघाली, अर्ध्यावर थांबली आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग म्हणाला, “आजी, आता पडद्यावर काय काय दिसतंय, सांगा बरं.” आजींनी सांगितलं. “परत मागे जायचं असेल तर कुठे दाबाल?” आजींनी शोधलं. वेळ लागला. पण फोटो गेला आणि पुढचा फोटो त्यांनी न विचारता पाठवला.

नंतर कळलं की हा वर्गाचा लेखी नियमच आहे: मदतनिसाने विद्यार्थ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. सेटिंग बदलायचं असलं तरी बोट विद्यार्थ्याचं. संस्थेला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं, म्हणून जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता.

आता घरी काय होतं ते आठवून बघा. आई विचारते, हे कसं करायचं? मूल म्हणतं, “आण इकडे.” फोन घेतो, अंगठ्याने चार-पाच ठिकाणी टकटक करतो, तीन सेकंदांत परत देतो. “झालं.” आईच्या हातात केलेलं काम येतं, वाट कुठून गेली ते तिला दिसतच नाही. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न येतो आणि मूल म्हणतं, “परवाच तर दाखवलं होतं!” त्याने दाखवलेलं नसतं, करून दिलेलं असतं. त्याच्या वाईटपणाचा यात संबंध नाही. काम लवकर संपवायचं असलं की हात पुढे जातोच.

घरी फोन हातातून जातो, वर्गात जात नाही. मुलाला घरी जे जमत नाही आणि ज्यासाठी त्याने फी भरावी, ते हेच आहे. विकण्याची गोष्ट सापडली होती, आता ओळ लिहायची होती.

ओळ घडताना

शेवटी दोन उमेदवार उरले.

पहिली: ‘तुम्हाला घाई, आम्हाला वेळ.’ चार शब्द, कानाला गोड लागणारे, आणि फी कशाची हे एका दमात सांगणारे. बैठकीत ही जवळजवळ जिंकली होती. तिच्यात दोन खोडी होत्या. मोठ्याने वाचल्यावर एक जण म्हणाला, “आम्हाला वेळ? म्हणजे तुम्हाला उशीर होणार आहे का?” ‘वेळ होणे’ आपल्या बोलण्यात इतकं मुरलेलं आहे की कान तिकडेच जातो. ‘आमच्याकडे वेळ’ केलं की अर्थ नीट होतो, पण ताल मोडतो. दुसरी खोड मोठी. या ओळीत आई-बाबा कुठेच नाहीत. तीच ओळ कपडे धुऊन देणाऱ्यांना चालेल, कागदपत्रं करून देणाऱ्यांना चालेल. ज्या ओळीखाली दुसऱ्या कुठल्याही धंद्याचं नाव बसतं, ती आपली नसते.

दुसरी: ‘फोन त्यांच्या हातातच राहू द्या.’

हिचं पहिलं रूप ‘फोन त्यांच्याच हातात राहू द्या’ असं होतं. तो ‘च’ एक शब्द पुढे सरकवण्यावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. ‘त्यांच्याच हातात’ म्हटलं की ‘तुमच्या नको’ असा ठपका ऐकू येतो, मूल एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात. ‘हातातच’ म्हटलं की जोर हातावर येतो, फोन आहे तिथून हलवू नका इतकंच. सांगणं तेच, आवाज खाली आलेला.

‘आई-बाबांच्या हातात’ असं का नाही? तेही लिहून पाहिलं होतं. पण ‘आई-बाबा’ म्हटलं की जोडी येते, आणि वर्गाला येणाऱ्या कित्येकांच्या जोडीतलं एकच हयात असतं. ज्याचे वडील गेले आहेत त्या मुलाला ही जोडी दर वेळी थोडी टोचते. कुणी मावशीसाठी चौकशी करतं, कुणी सासऱ्यांसाठी. ‘त्यांच्या’ या सर्वनामात सगळे मावतात, आणि त्यात आदरही आपोआप येतो.

याची किंमत मोजावी लागली. ओळ एकटी वाचली तर ‘ते’ कोण हे कळत नाही. सुरुवातीला कोऱ्या कागदावर फक्त ओळ दाखवली, तेव्हा एकाला ती लहान मुलांच्या फोनवेडाबद्दल वाटली. म्हणजे अर्थ नेमका उलटा. म्हणून कामं वाटून दिली. वर्गाच्या नावाला चिकटून एक साधं वर्णन: ‘ज्येष्ठांसाठी स्मार्टफोन वर्ग’. त्याखाली टॅगलाइन. वर्णनाने काय आहे ते सांगायचं, टॅगलाइनने का यायचं ते. जागा अपुरी असेल तर टॅगलाइन गाळायची, वर्णन कधीच गाळायचं नाही, असा नियम संस्थेला लिहून दिला. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं: सुंदर ओळ ठळक, आणि वस्तू कसली आहे ते शोधत बसायचं.

कोणती चालते, हे कसं बघितलं

‘यातली कोणती आवडली?’ हा प्रश्न विचारायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं. तो विचारला की माणूस परीक्षक होतो, आणि परीक्षक नेहमी बोट धरून चालायला शिकवणारी ओळ निवडतो.

त्याऐवजी संस्थेने आलेल्या मुलामुलींसमोर कार्ड धरलं, पाच सेकंदांनी काढून घेतलं आणि विचारलं, हे कशाबद्दल होतं, कुणासाठी होतं? वर्णनासकट ‘हातातच’वाली ओळ इथे पार पडली. मग खरी परीक्षा. “हे कार्ड आत्ता तुमच्या आईला किंवा बाबांना पाठवा.” एवढंच. आणि पाठवताना ते सोबत काय लिहितात ते बघायचं.

सोबतचा मजकूर म्हणजे ओळीने अर्धवट सोडलेलं काम. जुन्या ‘बनवा स्मार्ट’ कार्डासोबत लोक माफी किंवा मस्करी जोडत होते: “चिडू नकोस, पण बघून तर घे”, “बाबा, गंमत म्हणून पाठवतोय”. दोघांनी तर पाठवायचंच टाळलं. संध्याकाळी समोरासमोर सांगतो म्हणाले. नव्या कार्डासोबतचे निरोप सरळ होते: “आई, हे बघ, तुला जायचंय का?” एका मुलीने लिहिलं, “मी तुझ्या हातून फोन ओढते ना, हे त्यावरच आहे.” आणि स्वतःच हसली. ओळ तिच्यावर लिहिलेली होती, तिने ती आईच्या बाजूने वापरली. असा निरोप सोबत जाणारी ओळ घरी पोचल्यावर वाद घालत नाही.

संस्थेच्या तरुण कार्यकर्त्याला मात्र आकडे हवे होते. दोन्ही ओळी ऑनलाइन जाहिरातीत लावू आणि जास्त चौकशा जिला येतील ती ठेवू, असा त्याचा आग्रह. कल्पना चुकीची नाही, पण एवढ्या लहान वर्गाला ती परवडत नाही, हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. समजा, एकेक ओळ 400 लोकांनी पाहिली. एकीला 12 चौकशा आल्या, दुसरीला 16. तीन टक्के आणि चार टक्के. दुसरी जिंकली असं वाटतं, पण हीच ओळ दोनदा लावली असती तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. तीन आणि चार टक्क्यांतला फरक खात्रीने धरायचा, तर प्रत्येक ओळ साधारण 5000 हून अधिक लोकांनी पाहायला हवी. एका तुकडीत आठ जण बसवणाऱ्या संस्थेने एवढ्यासाठी पैसे घालू नयेत. शिवाय इथली गळती चौकशीनंतरची होती. चौकशा मोजून चुकीचीच ओळ जिंकली असती. ‘बनवा स्मार्ट’लाही चौकशा येतच होत्या की.

ओळ लागल्यानंतर

नवी ओळ फलकावर, पत्रकावर आणि फोनवर पाठवायच्या कार्डावर गेली. वहीतल्या शेवटच्या रकान्यात ‘विचारून सांगतो’ पुढेही येत राहिलं, ते यायचंच. पण त्यानंतर पुन्हा फोन करणाऱ्यांची संख्या वाढल्याचं संस्थेला दिसलं. याचं सगळं श्रेय ओळीला द्यायला मी तयार नाही. त्याच सुमारास बाईंनी आणखी एक गोष्ट सुरू केली होती: चौकशी करणाऱ्या मुलाला त्या म्हणायच्या, “त्यांच्याशी मी बोलू का? एक तास नुसतं बसायला या म्हणावं.” दोन बदल एकदम झाले की कुणाचा हिस्सा किती हे वेगळं काढता येत नाही. मला विचारलं असतं, तर मी महिनाभर थांबून दुसरा बदल करा म्हटलं असतं. पण संस्थेला वर्ग भरायचे होते, माझा अभ्यास पुरा करायचा नव्हता.

ओळीने नवी कामंही निर्माण केली. मुलं विचारायला लागली, “ठीक आहे, फोन घ्यायचा नाही. मग घरी आम्ही करायचं काय?” याचं उत्तर तयार नव्हतं, म्हणून शिक्षिकेने एक पानाचा कागद केला. ‘हे दाब’ म्हणण्याआधी ‘काय दिसतंय?’ विचारा. खूण सांगताना तिची जागा आणि आकार सांगा, इंग्रजी नाव नको. चुकलं तर ‘मागे’ कसं जायचं ते आधी शिकवा, म्हणजे बाकीचं बिनधास्त करून बघता येतं. आणि घाई असेल तर खरंच सांगा की रात्री बघू. अर्धवट वेळात हात पुढे जातोच. हा कागद पहिल्या दिवशी सोडायला येणाऱ्या मुलांना मिळतो.

दुसरं काम मदतनिसांच्या वाट्याला आलं. फलकावर ओळ आल्यापासून विद्यार्थी तिचा दाखला देऊ लागले. नवीन आलेल्या मदतनिसाने घाईत एका काकांचा फोन उचलला, तर काकांनी फलकाकडे बोट दाखवून विचारलं, “बाहेर काय लिहिलंय तुम्ही?” मुलाने फोन खाली ठेवला. टॅगलाइनमध्ये पाळता येण्यासारखी एक ठोस गोष्ट लिहिली की लोक ती पाळायला लावतात. संस्थेला हे जड जात असेल, तर अशी ओळ घेऊ नये; ‘नव्या युगात पाऊल’ वगैरे लिहावं, कुणी काही विचारत नाही.

एक गट मात्र या ओळीच्या बाहेरच राहिला. ज्यांची मुलं दूर राहतात, त्यांच्या हातातून फोन कुणी घेतच नाही. अडचण उलटी आहे. मूल व्हिडिओ कॉलवरून ‘वरती उजवीकडे बघ’ सांगतं. ज्या फोनवर कॉल चालू आहे, त्याच फोनवर ते करून बघायचं असतं. दुसरं अ‍ॅप उघडलं की मुलाचा चेहरा पडद्यावरून जातो किंवा कोपऱ्यात इवलासा होतो, आणि आई घाबरते की फोन कट झाला. अशा मुलांना ‘हातातच राहू द्या’ वाचून काही वाटत नाही. त्यांच्यासाठी टॅगलाइन बदलली नाही, कारण एका वर्गाला दोन टॅगलाइन झाल्या की एकही राहत नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या जाहिरातीला वेगळा मथळा दिला: ‘“आई, आता काय दिसतंय?” हे विचारायला तिच्या शेजारी आम्ही आहोत.’ मथळा लांब चालतो. तो एका जाहिरातीपुरता असतो, आणि ती जाहिरात फक्त त्याच मुलांपुढे जाते. पुढच्या तुकडीसाठी शिक्षिका दूरच्या मुलांना एका तासाला व्हिडिओ कॉलवर बोलावणार आहेत, आई-बाबांच्या शेजारी मदतनीस बसलेला असताना. ते जमलं, तर मथळाही बदलावा लागेल.